जेसीबी लीजवर घ्यावा की कर्ज काढून? करानंतरचा हिशेब

प्रश्न: सर, आमची दिग्रसला तीन भागीदारांची फर्म आहे. शेततळी, नाला खोलीकरण, पांदण रस्ते अशी कामे करतो. नवीन जेसीबी घ्यायचा आहे. जीएसटी सोडून किंमत ३० लाख. बँक ११ टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज द्यायला तयार आहे, हप्ता ६५,२२८ बसतो. एक लीजवाली कंपनी महिना ५६,००० भाड्याने पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे, ३ लाख डिपॉझिट, ते शेवटी परत. पाच वर्षांनी मशीन त्यांची. त्यांचा माणूस म्हणतो, हप्त्यापेक्षा महिन्याला नऊ हजार वाचतात आणि पूर्ण भाडे खर्चात टाकता येते, म्हणून लीजच परवडते. पुढेमागे ३१.२ टक्के कर भरतोच. आमचा पैसा धंद्यात २० टक्क्यांनी फिरतो. काय करावे?

उत्तर:

भाऊ, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मशीन विकत घेणे सुमारे १ लाख १३ हजारांनी स्वस्त पडते. पण हा फरक एका अंदाजावर उभा आहे, तो म्हणजे पाच वर्षांनी मशीन किती रुपयांना विकले जाईल. मी १२ लाख धरले आहेत. ते ९ लाख ८० हजारांच्या खाली जाणार असेल तर लीज बरी. आता हे कसे आले ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरातल्या संगणकावर तुम्हीच आकडे बदलून बघू शकाल.

आधी त्या माणसाचा हिशेब बाजूला ठेवू. साठ हप्त्यांची बेरीज ३९ लाख १४ हजार होते, साठ भाड्यांची ३३ लाख ६० हजार. वरवर पाहता लीजमध्ये साडेपाच लाख वाचले. पण हप्ते संपल्यावर दारात मशीन उभे राहते, भाडी संपल्यावर रिकामी जागा राहते. शिवाय भाड्यावर कर वाचतो तसा खरेदीत घसाऱ्यावर आणि व्याजावरही वाचतो, त्याचा उल्लेखही त्याने केला नाही. आणि पाचव्या वर्षी दिलेला रुपया व आज दिलेला रुपया त्याने एकाच मापाने मोजले. या तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय हप्ता आणि भाडे शेजारी शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

दुरुस्ती करायची तर दोन्ही वाटांवर वेगवेगळ्या तारखांना जाणारे आणि येणारे पैसे, कर वजा करून, आजच्या किमतीत आणायचे. कोणत्या दराने आणायचे, इथे बहुतेकांचे चुकते.

तुम्ही लिहिले आहे की तुमचा पैसा धंद्यात २० टक्क्यांनी फिरतो. त्यामुळे २० टक्के दर लावावा असे वाटणे साहजिक आहे. शेवटच्या विक्रीच्या रकमेसकट सगळीकडे तो लावून बघितला तर लीज चक्क ४ लाख ३४ हजारांनी स्वस्त दिसते, म्हणजे निकाल पूर्ण उलटतो. पण तो दर इथे चालत नाही. लीजचे भाडे हे साठ महिन्यांचे पक्के देणे आहे. काम असो नसो, बिल निघो न निघो, ते द्यावेच लागते, आणि थकले तर मशीन उचलून नेतात. म्हणजे स्वभावाने ते कर्जाचा हप्ताच आहे. तुम्ही लीज घेतली की तेवढी कर्ज उचलायची ताकद खर्च झाली. बँकेचा माणूस पुढच्या वेळी ताळेबंद वाचताना ते भाडे देण्यातच धरतो. तेव्हा तुलना धंदा आणि लीज यांच्यात नाही, एक कर्ज आणि दुसरे कर्ज यांच्यात आहे. दुसऱ्या कर्जाचा भाव तुम्हाला माहीत आहे, बँकेचे ११ टक्के. धंद्यातला २० टक्के नफा दोन्ही वाटांनी मशीन आले तरी मिळणारच आहे.

त्या ११ टक्क्यांतलाही पूर्ण भार तुमच्यावर पडत नाही. व्याज खर्चात जाते, त्यावर ३१.२ टक्के कर वाचतो. ११ गुणिले ०.६८८ केले की ७.५७ टक्के उरतात. हाच आपला दर. (बँक व्याज महिन्याला आकारते, त्यामुळे वर्षाचा खरा दर ११.५७ पडतो आणि करानंतर ७.९६. मी तोही लावून पाहिला, फरक १ लाख १३ हजारांऐवजी ९८ हजार येतो. निकाल तोच, म्हणून पुढे ७.५७ च ठेवतो.)

या दराने मोजताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्याज आणि हप्ते खरेदीच्या बाजूला पुन्हा लिहायचे नाहीत. कर्जाचे सगळे हप्ते, व्याजावर वाचलेला कर वजा करून, करानंतरच्या कर्जदराने आज आणले की बरोबर ३० लाखच येतात. कर्ज तीन वर्षांचे असो की सातचे, उत्तर ३० लाख. म्हणून खरेदीच्या बाजूला सरळ ३० लाख लिहायचे आणि कर्ज विसरून जायचे. हप्तेही लिहायचे आणि वर दरही लावायचा, असे केलेले तक्ते मी अगदी शिकलेल्या माणसांच्या वहीतही पाहतो. त्यात व्याज दोनदा मोजले जाते आणि खरेदी विनाकारण महाग दिसते.

आता लीजची बाजू. वर्षाचे भाडे ६ लाख ७२ हजार. ते महिन्या-महिन्याने जाते, म्हणून सरासरी वर्षाच्या मध्यावर गेले असे धरतो. पाच वर्षांच्या भाड्याची आजची किंमत २८ लाख १५ हजार. भाड्यावर दरवर्षी २,०९,६६४ रुपये कर वाचतो, तो वर्षाच्या शेवटी धरतो. त्याची आजची किंमत ८ लाख ४७ हजार. उरले १९ लाख ६८ हजार.

त्यात डिपॉझिट मिळवायचे. तीन लाख आज द्यायचे आणि बिनव्याजी पाच वर्षांनी परत घ्यायचे. पाच वर्षांनंतरच्या तीन लाखांची आजची किंमत २ लाख ८ हजारच आहे, म्हणजे ९२ हजार रुपये डिपॉझिटमध्येच गेले. करारात ‘परतावा योग्य’ असे लिहिलेले असते, त्यामुळे ते फुकट वाटते. तसे ते नाही. लीजची एकूण किंमत २० लाख ६० हजार.

खरेदीची बाजू. तीस लाखांवर आयकरात घसारा मिळतो, यंत्रसामग्रीला १५ टक्के, घटत्या शिलकीवर. मशीन एप्रिलमध्ये आले असे धरून वर्षवार असे दिसते:

| वर्ष | घसारा | वाचलेला कर | आजची किंमत |
|---|---|---|---|
| १ | ४,५०,००० | १,४०,४०० | १,३०,५०० |
| २ | ३,८२,५०० | १,१९,३४० | १,०३,१०० |
| ३ | ३,२५,१२५ | १,०१,४३९ | ८१,५०० |
| ४ | २,७६,३५६ | ८६,२२३ | ६४,४०० |
| ५ | २,३४,९०३ | ७३,२९० | ५०,९०० |

शेवटच्या रकान्याची बेरीज ४ लाख ३० हजार. लीजमध्ये याच्या जवळपास दुप्पट, ८ लाख ४७ हजार कर वाचत होता. लीजवाल्याचे ‘पूर्ण भाडे खर्चात’ हे म्हणणे इथपर्यंत खरे आहे. पाच वर्षांत घसारा जेमतेम १६ लाख ६९ हजारांचा मिळतो, भाडे मात्र ३३ लाख ६० हजारांचे पूर्ण वजा होते. फक्त त्याने हे सांगितले नाही की जास्त कर वाचतो कारण जास्त पैसे खिशातून जातात.

राहिली विक्री. पाच वर्षांनी १२ लाख येतील असे धरले. ही रक्कम मी ७.५७ टक्क्यांनी आज आणत नाही, १४ टक्क्यांनी आणतो. भाडे आणि घसारा ठरलेले आकडे आहेत, ते बहुतेक लिहिल्याप्रमाणेच घडतात. जुन्या मशीनचा भाव कोणी लिहून दिलेला नाही. जो पैसा अनिश्चित, त्याला चढा दर लावायचा. १४ हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कोणी १२ लावेल, कोणी १६. १४ टक्क्यांनी १२ लाखांचे आज ६ लाख २३ हजार होतात.

३० लाख वजा ४ लाख ३० हजार वजा ६ लाख २३ हजार, म्हणजे खरेदीची किंमत १९ लाख ४७ हजार. लीज २० लाख ६० हजार. फरक १ लाख १३ हजार, खरेदीच्या बाजूने.

डिझेल, ऑपरेटर, ग्रीस, सर्व्हिसिंग मी कुठेच धरले नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या अटींप्रमाणे ते दोन्हीकडे तुमच्याच अंगावर आहे. विमाही तसाच. लीजवाला विमा किंवा मोठी दुरुस्ती स्वतः करणार असेल तर तेवढा करानंतरचा खर्च खरेदीच्या बाजूला वाढवा.

एक्सेलमध्ये बसवायचे तर एवढेच लागते. B1 मध्ये दर, C2 ते C6 मध्ये वर्षाचे भाडे, D2 ते D6 मध्ये भाड्यावर वाचलेला कर, E2 ते E6 मध्ये घसाऱ्यावर वाचलेला कर:

```
B1: =11%*(1-31.2%)
लीज:   =NPV(B1,C2:C6)*(1+B1)^0.5-NPV(B1,D2:D6)+300000-300000/(1+B1)^5
खरेदी: =3000000-NPV(B1,E2:E6)-1200000/(1+14%)^5
```

आता त्या १२ लाखांकडे वळू, कारण सगळा निकाल त्यावर टांगलेला आहे. वर सांगितले तसे, विक्री ९ लाख ८० हजारांना झाली तर दोन्ही वाटा सारख्या. म्हणजे अंदाज दोन-सव्वादोन लाखांनी चुकला की उत्तर फिरते. तेव्हा बँकेशी अर्धा टक्का व्याजासाठी घासाघीस करण्यापेक्षा हा आकडा शोधण्यात एक दिवस घालवा. नागपूर-अमरावतीकडे जुन्या मशीनचे दलाल आहेत. त्यांना ‘पाच वर्षांची मशीन कितीला विकता’ असे विचारू नका. ते विकायचा भाव सांगतील. ‘माझ्याकडे पाच वर्षांची, सात हजार तास चाललेली मशीन आहे, कितीला घेता’ असे विचारा. दोन्ही भावांत बराच फरक असतो आणि तुम्हाला दुसराच मिळणार आहे.

दलाल येतो तेव्हा काय बघतो तेही माहीत असू द्या. तो आधी अवर मीटर बघतो, मग त्यावर विश्वास न ठेवता मागची बकेट जमिनीवरून जराशी उचलायला लावतो आणि हाताने आडवी हलवून बघतो. पिन-बुश झिजले असतील तर बकेट खडखडते. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढतो, धूर फेकते का बघतो. शेवटी मशीन तापल्यावर बूम वर धरून सोडतो, हळूहळू खाली बसते का ते पाहतो. या तीन गोष्टींत लाख-दीड लाखांचा भाव ठरतो. आपल्याकडच्या नाला खोलीकरणात मशीन चिखलात आणि मुरूमात चालते, रोज ग्रीस झाले नाही तर पिन-बुश लवकर जातात. तुमचा ऑपरेटर सकाळी ग्रीसगन हातात घेणारा आहे की नाही, त्यावर तुमचे १२ लाख धरायचे की ९, हे मी ठरवीन.

दुसरे असे की बाजारात आज विकली जाणारी पाच-सात वर्षांची मशिने जुन्या उत्सर्जन मानकांची, साध्या इंजिनांची आहेत, आणि गावातला मिस्त्री ती उघडतो. आता येणाऱ्या मशिनांमध्ये सेन्सर आणि धूर कमी करणारी यंत्रणा जास्त आहे. पाच वर्षांनी अशी जुनी मशीन तालुक्याच्या गावात कोण किती भावाने घेईल, हे आजच्या भावावरून सरळ काढता येत नाही. म्हणूनच मी या एका आकड्याला चढा दर लावला.

आता तुमच्या बाजूच्या काही गोष्टी, ज्या आकडे बदलतात.

सर्वात मोठी गोष्ट कराची. तुम्ही ‘पुढेमागे कर भरतोच’ असे लिहिले आहे. कोणत्या पद्धतीने भरता, हे आधी तुमच्या सीएला विचारा. तुमच्यासारख्या बऱ्याच फर्म उलाढालीवर ठरावीक ८ किंवा ६ टक्के नफा दाखवतात, उलाढाल २ कोटींच्या आत (रोखीने जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींच्या आत) असली की तसे करता येते. त्या पद्धतीत घसारा, व्याज, भाडे सगळे त्या टक्क्यांत आलेलेच धरले जाते, वेगळे काही वजा होत नाही. मग मशीन लीजवर असो की विकत, तुमचा कर एक रुपयानेही हलत नाही. अशा वेळी हिशेबात कराचा दर शून्य, आणि म्हणून दरही पूर्ण ११ टक्के. ते घालून बघितले तर लीजची किंमत २७ लाख ३९ हजार आणि खरेदीची २३ लाख ७७ हजार येते. खरेदी ३ लाख ६२ हजारांनी स्वस्त. ‘पूर्ण भाडे खर्चात’ हा लीजवाल्याचा मुख्य मुद्दा अशा माणसासाठी नाहीसाच होतो. स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर घेणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच लागू, कारण शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. मात्र तोच हार्वेस्टर सोयाबीन काढायला दुसऱ्यांच्या शेतात भाड्याने चालवला तर ते धंद्याचे उत्पन्न झाले.

फर्म तोट्यात असेल तर कर आज वाचत नाही, पुढे कधीतरी वाचतो. तितकी वर्षे ती बचत पुढे ढकलून मांडा. इथे एक बारकावा आहे. न वापरलेला घसारा कितीही वर्षे पुढे नेता येतो, पण भाड्यामुळे झालेला धंद्याचा तोटा आठ वर्षांनी बाद होतो.

खरेदीची तारीखही बघा. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३ ऑक्टोबरपर्यंत मशीन कामाला लागले तर पूर्ण १५ टक्के, त्यानंतर साडेसात. आपल्याकडे मातीकामाचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो, म्हणून बहुतेक मशिने नोव्हेंबरातच येतात. निम्म्या घसाऱ्याचा तोटा या उदाहरणात सुमारे ३९ हजार आहे. त्यासाठी पावसाळ्यात, काळ्या जमिनीत मशीन पायसुद्धा टाकू शकत नाही तेव्हा, दोन महिने आधी मशीन आणून हप्ते सुरू करणे काही परवडत नाही. सप्टेंबरअखेर आणि नोव्हेंबर यातच निवड असेल तर मात्र तारीख बघून घ्या.

विकतानाही असेच. मार्चमध्ये विकले तर विक्रीची रक्कम त्याच वर्षी ब्लॉकमधून, म्हणजे एकाच घसारा दराच्या सगळ्या मशिनरीच्या एकत्र शिलकीतून, वजा होऊन त्या वर्षाचा घसारा कमी होतो. १ एप्रिलनंतर विकले तर ते वर्ष पदरात पडते. वरचा तक्ता एप्रिलच्या विक्रीचाच आहे. विक्रीनंतर ब्लॉकमध्ये १ लाख ३१ हजार शिल्लक राहतात. तुमच्याकडे दुसरी मशिनरी त्याच ब्लॉकमध्ये असेल तर त्यावर पुढेही घसारा मिळत राहतो, आज धरले तर वीस हजारांच्या आतली गोष्ट, म्हणून सोडून दिली. हे एकच मशीन असेल तर तो अल्पकालीन भांडवली तोटा होतो, आणि तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

पुढेमागे टिपर घेणार असाल तर तोही हिशेब वेगळा. मालवाहू गाडी दुसऱ्यांना भाड्याने चालवण्याचा धंदा असेल तर घसारा ३० टक्के मिळतो. तीस लाखांवर त्याने वाचणाऱ्या कराची आजची किंमत ४ लाख ३० हजारांवरून ६ लाख ६० हजारांवर जाते, पण विकताना पुस्तकी किंमत कमी राहिल्यामुळे त्यातला बराच भाग करात परत जातो. जेसीबीला ३० टक्के लावावे की नाही यावर वाद झालेले आहेत. मी हिशेबात १५ च धरतो.

जीएसटीबद्दल थोडक्यात. तुमच्या बिलांवर जीएसटी लागतो आणि तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळते, म्हणून दोन्ही बाजूंनी तो काढून टाकला. फक्त वेळेचा फरक राहतो. खरेदीत १८ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार एकदम द्यावे लागतात, लीजमध्ये भाड्याबरोबर थोडे थोडे. तुमची विक्रीवरची जीएसटीची देणी कमी असतील आणि हे क्रेडिट वर्षभर अडकून पडले तर ३८ हजारांचा भुर्दंड पडतो. तो खरेदीच्या बाजूला मिळवा. आणि क्रेडिट घेतले की घसारा जीएसटी वगळूनच घ्यायचा, दोन्ही फायदे मिळत नाहीत.

आता डाउन पेमेंट. बँक ३० लाखांपैकी पूर्ण ३० लाख देत नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, पण सहसा असेच असते. समजा २० टक्के, म्हणजे ६ लाख तुम्हाला घालायचे आहेत आणि ते खासगीतून २४ टक्क्यांनी उचलावे लागणार आहेत. तर तुमचा कर्जाचा खरा भाव ११ नाही, दोन्ही मिळून १३.६ टक्के आहे. करानंतर ९.३६. या दराने खरेदी अजूनही स्वस्तच येते, पण फरक ४४ हजारांवर उतरतो. खासगीच्या व्याजाची पावती नसेल तर ते खर्चातही दाखवता येत नाही, मग तोही फरक संपतो. बिले महिनोन्महिने अडकतात आणि तेवढ्यात खेळते भांडवल आटते, हे मला चांगले माहीत आहे. ज्याच्याकडे बँकेची मर्यादा संपली आहे त्याला ११ टक्क्यांचा भाव लावून ‘विकत घे’ सांगणे चुकीचे आहे. दर नेहमी तोच धरायचा, ज्या भावाने पुढचा रुपया खरोखर मिळतो.

करारात काय बघायचे ते सांगतो. पहिली गोष्ट, हे खरेच लीज आहे का. शेवटी नाममात्र रकमेत मशीन तुमच्या नावावर होणार असेल तर ते लीजच्या नावाने दिलेले कर्ज आहे. मग घसारा कोण घेणार हे आधी लेखी ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस या गाड्या लीजवर देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात गाड्यांची नोंदणी भाडेकरूच्या नावावर असूनही घसारा लीज देणाऱ्याला दिला. म्हणजे आरसी बुक तुमच्या नावावर आहे म्हणून घसारा तुमचा, असे समजू नका.

दुसरी, तासांची मर्यादा. अशा करारांत वर्षाला किती तास चालवायचे हे ठरलेले असते आणि त्यावर जादा तासाला दर असतो. जलसंधारणाच्या कामात उन्हाळ्यात दोन पाळ्या चालल्या तर मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही. तिसरी, परत देतानाची स्थिती. ‘सामान्य झीज वगळता’ या शब्दांचा अर्थ करारात आकड्यांत लिहून घ्या, टायर किती टक्के, पिन-बुशमध्ये किती ढिलाई चालेल. नाही तर वरचे तीन लाख डिपॉझिट परत येत नाही, आणि मग लीज आणखी २ लाख ८ हजारांनी महाग झाली असे धरा. चौथी, मधेच सोडायची अट. दोन वर्षांनी कामे बंद पडली तर खरेदीत मशीन विकून कर्ज फेडता येते. लीजमध्ये उरलेली सगळी भाडी एकदम मागणारी अट असेल तर ती जोखीम कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

तुम्हाला लीजच सोयीची वाटत असेल, डाउन पेमेंट टळते, विक्रीची डोकेदुखी नाही, तर त्या कंपनीशी नेमके काय बोलायचे तेही आकड्यांतच आहे. फक्त भाडे कमी करून बरोबरी साधायची तर ते महिना ५२,७७५ वर यायला हवे. एवढे उतरणार नाहीत. पण डिपॉझिट पूर्ण काढून टाकायला सांगा, त्यांच्या वहीत ते मोठे दिसत नाही, तुम्हाला मात्र ९२ हजारांचे आहे. ते निघाले की भाडे ५६,००० वरून ५५,००० वर आले तरी पुरे, लीज खरेदीपेक्षा १३ हजारांनी स्वस्त होते. शिवाय जून ते सप्टेंबर चार महिने भाडे नको, उरलेल्या आठ महिन्यांत महिना ८२,५०० घ्या, असे विचारून बघा. वर्षाचे भाडे तेवढेच राहते आणि पावसाळ्यात मशीन झाकून ठेवलेले असताना हप्त्यासाठी धावपळ होत नाही.